कष्टाने नव्हे, पावतीने! : मस्तगडच्या एका आजीचे नातीला पत्र आणि आमची चूक

जालन्यात मस्तगड म्हटले की चळवळीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बाबासाहेबांचा पुतळा उभा राहतो. मोर्चा असो, जयंतीची मिरवणूक असो, सगळ्यांची वाट तिकडेच वळते. निजामाच्या हुकमावरून 1725 मध्ये जो बालेकिल्ला बांधला गेला त्याचे हे नाव. किल्ला बांधणाऱ्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. दगड वाहणाऱ्यांची नावे कुणी नोंदली नाहीत. आज आम्ही लिहिणार आहोत ते याच नोंदीबद्दल. आणि त्यात आम्ही स्वतः जी चूक केली, तिच्याबद्दल.

झाले असे की, जयंतीच्या निमित्ताने आम्ही काही कार्यकर्त्यांनी वस्तीत एक उपक्रम ठरवला. घराघरातल्या आजींनी आपल्या नातवंडांना पत्र लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचे. त्यातली निवडक पत्रे कार्यक्रमात वाचायची. विषय आम्हीच दिला होता : 'कष्टाने आम्हाला काय शिकवले.'

एका आजींचे पत्र आम्ही दोन संध्याकाळी बसून उतरवून घेतले. वय पंचाहत्तरच्या पुढे. नात पुण्यात नर्सिंग शिकते. पत्र तिला होते. पण उतरवून झाल्यावर आमच्या लक्षात आले की, पत्रात निम्म्याहून जास्त मजकूर पावत्या, मापे, तारखा आणि गट नंबर यांचा आहे. आम्हाला वाटले, हे सभेत कोण ऐकणार? मग आम्ही त्याची 'दुरुस्ती' केली. पावत्या काढल्या. मापे काढली. उरलेल्या मजकुराला थोडी भाषा लावली आणि शेवटी एक वाक्य जोडले : 'बाळ, कष्टानेच माणूस घडतो, म्हणून कष्टाला कधी कंटाळू नकोस.'

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही ते आजींना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान लिवलं. पर हे माजं पत्र न्हाई. हे दुसऱ्या कुन्या म्हातारीचं असंल, तिला द्या."

आम्ही समजावण्याचा प्रयत्न केला. त्यावर त्यांनी विचारले, "कष्टानं मानूस घडतो, मंग माजा दीर का न्हाई घडला? त्यानं माज्यापरीस जास्त खडी फोडली. दारूनं मेला."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पत्र वाचले गेले नाही. आज आम्ही त्या मूळ पत्रातला मजकूर त्यांच्या परवानगीने देत आहोत, त्यांचे आणि गावाचे नाव न देता. आणि आम्ही जे खोडले ते का खोडायला नको होते, हे सांगत आहोत.

हाल हे शिक्षक नव्हेत

आजींच्या मूळ पत्राची सुरुवात अशी आहे :

"लेकरा, तू मागं फोनवर इचारलंस की आज्जी तू एवडं सोसलंस, त्यातून तू काय शिकलीस. तर तुला खरं सांगते. सोसण्यातून काईच शिकले न्हाई. भुकेनं मानूस शिकत न्हाई, भुकेनं मानूस निसता भुकेला ऱ्हातो. जे शिकले ते ज्या दिशी न्हाई म्हनलं त्या दिशी शिकले."

ही ओळ आम्ही खोडली होती. आंबेडकरवादी म्हणवून घेणाऱ्या आम्ही!

हालअपेष्टांचे गुणगान कुणाला सोयीचे असते याचा विचार केला पाहिजे. शेकडो वर्षे आमच्या आज्या-पणज्यांना हेच सांगितले गेले की, सोस, सोसण्यात पुण्य आहे, या जन्मीचे सोसणे पुढच्या जन्मी फळेल. आता पुढच्या जन्माच्या जागी 'यश' आले आहे. सोस, म्हणजे मोठा होशील. शब्द बदलला, उपदेश तोच राहिला. गरिबी हीच शाळा असेल तर गरिबी हटवायची कशाला? ती हटवणे म्हणजे शाळाच बंद करणे ठरेल. आणि दुसऱ्याचे पोर जन्मतःच सगळ्या सोयींत वाढते, त्याला मूल्ये शिकवायला कुणी खडी फोडायला पाठवत नाही. हे मूल्यशिक्षण आमच्याच पोरांच्या वाट्याला का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दुःखाचा प्रश्न घेतला आहे. ग्रंथाच्या परिचयातच त्यांनी चार आर्यसत्यांबद्दल शंका मांडली की, जीवन म्हणजे दुःखच असे सांगितले तर धम्म निराशेचा होऊन बसेल. पुढे पहिल्या प्रवचनाच्या मांडणीत त्यांनी स्पष्ट केले की, धम्माने दुःखाचे अस्तित्व मान्य करायचे ते ते नाहीसे करण्यासाठी. म्हणजे दुःख हा गुरू नव्हे. ज्याचे कारण शोधून ज्याचा अंत करायचा ती ती गोष्ट आहे. आजींनी हा ग्रंथ वाचलेला नाही, वंदनेला बसून ऐकला आहे. पण त्यांची ओळ ग्रंथाला धरून होती आणि आमची ओळ त्याच्या विरुद्ध होती.

1972 : सुतळीच्या गाठी

आता त्यांनी मापांबद्दल जे सांगितले ते पाहू. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात रानात काम उरले नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, आणि जागोजाग खडी फोडणे. आजी तेव्हा विशीत होत्या, पदरी एक मूल. घरातली चार माणसे खडीवर जात.

खडीची मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग रचायचा, त्याची लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि त्यावरून घनफूट काढायचे. शंभर घनफुटांचा एक ब्रास. माप मुकादम घेणार, आकडा तोच सांगणार, पैसे आठवड्याला मिळणार. मजुरांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नाही. मग माप बरोबर की चूक, हे सांगणार कोण?

आजी पत्रात लिहितात :

"आमचा ढीग पाच फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उच असायचा. मुकादम उचीला टेप लावायचा आन् नऊ इंच म्हनायचा. म्हनायचा, खडी बसती, पोकळ धरावी लागती. आमाला काय कळतंय. मंग माज्या भावानं, तो चौथी शिकला व्हता, सुतळी घेतली आन् टेपाला लावून फुटाफुटावर गाठी मारून दिल्या. म्हनला, बाई, ही कंबरंला बांधून ठिव."

हिशेब करून पाहा. पाच गुणिले चार गुणिले एक, म्हणजे वीस घनफूट. असे पाच ढीग झाले की एक ब्रास. पण उंची एक फुटाऐवजी नऊ इंच लिहिली की तोच ढीग पंधरा घनफुटांचा होतो. पाच ढिगांमागे पंचवीस घनफूट गेले. म्हणजे चार माणसांच्या घरातले एक माणूस रोज फुकट राबत होते. हातावर फोड चौघांच्याही, मजुरी तिघांची. या फोडांनी त्यांना काय शिकवले? काही नाही. फोड मापात किती मारले हे सांगत नाही. ते सुतळीने सांगितले.

पुढच्या आठवड्यात मुकादमाने नऊ इंच म्हटल्यावर आजींनी सुतळी काढून ढिगाशी धरली. तो भडकला. कामावरून काढण्याची धमकी दिली. दिराने आजींनाच दटावले की, गप बस, आहे तेही जाईल. पण टोळीतल्या इतर दहा-बारा बाया सुतळ्या घेऊन आल्या. पूर्ण माप लगेच मिळाले नाही. नऊचे अकरा इंच झाले. आजी म्हणतात, "तीन इंचातले दोन इंच आमी मिळवले. एक इंच अजून बाकी हाय."

हा प्रसंग आम्ही 'कष्टाळू आजी' या मथळ्याखाली बसवत होतो. प्रत्यक्षात तो कष्टाचा प्रसंगच नाही. कष्ट तर त्याच्या आधीही तेवढेच होते आणि नंतरही. बदलले ते एवढेच की, मोजण्याचे साधन मजुराच्या हातात आले आणि ते वापरायला दहा जणी बरोबर उभ्या राहिल्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर रंगवतो. त्या बायांनी ते खडीच्या ढिगाशी केले.

आणखी एक गोष्ट. त्या दुष्काळाच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला. 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून लागू. काम ही सरकारची दया राहिली नाही, मागता येईल असा हक्क झाला. दुष्काळ तर महाराष्ट्राने त्याआधीही पाहिले होते. निव्वळ दुष्काळाने कायदा होत असता तर तो कधीच झाला असता. मागणाऱ्यांनी मागितले म्हणून झाला.

1978 : जळालेली पेटी

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. हा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आजींच्या पत्रात मात्र या इतिहासावर जेमतेम काही ओळी आहेत :

"घर जळलं त्याचं मी तुला सांगत बसत न्हाई, ते समदे सांगत्यात. घरात पेटी व्हती. तुज्या आज्ज्याचा शाळंचा दाखला, रेशनकार्ड, जातीचा कागुद, समदं तिच्यात. घर परत उभं ऱ्हायलं दोन वर्सात. कागदाला लई वर्सं गेली. तवापून मी काईबी एका जागी ठेवलं न्हाई."

जाळपोळीबद्दल आपण भाषणांत किती वेळा बोललो! पण घराबरोबर त्या घराचा पुरावाही जळतो, हे आम्ही तरी एवढ्या स्पष्टपणे मांडले नव्हते. घर जळालेला माणूस शासनदरबारी जातो तेव्हा त्याला सांगितले जाते, रहिवाशी असल्याचा कागद आणा. कागद घरात होता. घर कुठे आहे?

तेव्हापासून आजींनी एक नियम केला. प्रत्येक कागदाची नक्कल काढायची आणि ती मस्तगडला बहिणीच्या घरी ठेवायची. मूळ कागद गावात, नक्कल शहरात. पुढे मुले कामासाठी जालन्यात आली, आजीही मस्तगडला राहायला आल्या आणि नियम उलटा झाला. आता मूळ कागद मस्तगडला, नक्कल गावात. या नियमाला कुणी मूल्य म्हणणार नाही. आम्हीही म्हटले नव्हते. पण याच नियमावर पुढचे सगळे उभे आहे.

गुन्ह्याची पावती

1980 च्या पावसाळ्यात आजींच्या कुटुंबाने गावाच्या गायरानात चार एकर खडकाळ जमीन फोडली. दगड वेचले, बांध घातला, पहिल्या वर्षी बाजरी पेरली. मराठवाड्यातल्या भूमिहीन बौद्ध, मातंग, भटक्या कुटुंबांच्या हाती जमिनीचा जो तुकडा आला तो बहुतेक ठिकाणी असाच आला. त्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची परंपरा आहे. 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाच्या झेंड्याखाली हजारोंनी तुरुंग भरले, ते याच मागणीसाठी की कसणाऱ्या भूमिहीनाला पडीक जमीन द्या.

जमीन फोडली की तलाठी येणार, पंचनामा करणार, अतिक्रमण म्हणून दंड लावणार. महसूल संहितेच्या कलम 50 नुसार सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढता येते आणि दंडही करता येतो. इथे एक गोष्ट घडली ती नीट समजून घ्यावी, कारण अनेक कुटुंबांची जमीन या एका गोष्टीवर टिकली किंवा गेली.

गावातली शहाणी माणसे सांगत, दंडाची पावती घेऊ नका. पावती घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला. हातावर काही ठेवा, तो नोंदच करणार नाही. ऐकायला हे बरोबर वाटते. आजींच्या शेजारच्या कुटुंबाने तेच केले. त्याच वर्षी, तेवढीच जमीन फोडलेली. त्यांनी दंडापेक्षा जास्त पैसे दिले असतील, पण पावती एकही नाही. आजींनी मात्र हट्ट धरला की दंड भरते, पावती द्या. 1981, 1984, 1987 आणि 1989 अशा चार पावत्या त्यांच्याकडे जमा झाल्या.

"तुजा आज्जा म्हनायचा, आपल्याच गुन्ह्याची पावती कशाला जपतीस. मी म्हनलं, खडीवर आपल्याजवळ काई कागुद नव्हता म्हनून नऊ इंच झाले. ह्यात आपलं नाव हाय, तारीक हाय, सरकारचा शिक्का हाय. सरकारच म्हनतंय की आमी हितं हाव. मंग ते वाईट कसं?"

पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासननिर्णय आला. त्यात 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून शेतीसाठी केलेली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद झाली. तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. आता प्रश्न एकच उरला. तुम्ही 14 एप्रिल 1990 पूर्वी ती जमीन कसत होता, हे सिद्ध कशाने करणार?

सिद्ध होते ते त्याच दंडाच्या पावतीने. जी गुन्ह्याची खूण होती ती हक्काचा पुरावा झाली. शेजाऱ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. दोघांनी सारखेच दगड वेचले होते, दोघांच्याही पाठी सारख्याच वाकल्या होत्या. कष्टाने माणूस घडत असता तर दोघांचाही हक्क सारखाच शाबूत राहिला असता.

पावती असूनही काय अडले

पावती आहे म्हणजे सगळे झाले, असेही नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. आजींच्या मुलालाही आली. तेव्हा आम्ही कार्यकर्ते त्यांच्या पावत्या घेऊन बसलो आणि तीन ठिकाणी अडलो. ज्यांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी हे तपासून घ्यावे.

पहिली अडचण नंबरची. पहिल्या पावतीवर जुना सर्व्हे नंबर, नोटिशीवर नवा गट नंबर. जमिनीच्या एकत्रीकरणात अनेक गावांचे नंबर बदलले. दोन्ही नंबर एकाच जमिनीचे आहेत हे कुणी आपणहून मान्य करत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा काढावा लागला. तो नसता तर पावती खरी असूनही दुसऱ्याच जमिनीची ठरली असती.

दुसरी अडचण नोंदवहीची. गावात अतिक्रमणांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना 1-ई. त्यात कुणी, किती क्षेत्रावर, कधीपासून अतिक्रमण केले हे लिहिलेले असते. पावती आपल्याकडे असते, पण तिची जोडीदार नोंद तलाठ्याकडच्या या वहीत असायला हवी. आजींच्या बाबतीत एका वर्षाच्या नोंदीत नाव बरोबर होते, क्षेत्र चारऐवजी दोन एकर होते. पुन्हा तेच! खडीवर इंच गेले, इथे एकर गेले. जुनी पावती पुढे ठेवली तेव्हा कुठे क्षेत्रातली तफावत लेखी मांडता आली. म्हणून 1-ईचा उतारा सही-शिक्क्यानिशी आधीच काढून ठेवावा, नोटीस आल्यावर धावाधाव करू नये.

तिसरी अडचण शाईची. पावत्या कार्बनच्या होत्या. 1984 ची जवळजवळ पांढरी पडली होती. पण तिची नक्कल मस्तगडला बहिणीच्या पेटीत होती आणि तिच्यावरची अक्षरे वाचता येत होती. 1978 च्या आगीनंतर केलेला तो नियम असा उपयोगी आला.

आम्ही मुदतीत लेखी म्हणणे दिले. त्यात 1991 च्या शासननिर्णयाचा आधार घेतला. आणि सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकालही दाखवला. गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणे काढा असे सांगणारा हाच निकाल आहे, आमच्या विरोधात तोच वापरला जातो. पण त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, अशा अपवादात्मक प्रकरणांत नियमानुकूल करता येते. आजींच्या हाती अजून पट्टा नाही, त्यामुळे आमची बाजू आपोआप जिंकते असे आम्ही म्हणत नाही. प्रकरण प्रलंबित आहे. जमीन आज कसली जात आहे, एवढेच खात्रीने सांगता येते.

पत्रातले सगळ्यात जड वाक्य

इतके झाल्यावर वाटेल की आजी म्हणजे विजयी वीरांगना. त्यांनी आम्हाला तसेही म्हणू दिले नाही. पत्रात पुढे आहे :

"पावती मी भरली. पैसे माज्या खुरपणीचे. तलाठ्याशी मी भांडले. पर चारी पावत्यांवर नाव तुज्या आज्ज्याचं. मला तवा वाटलंच न्हाई की माजं नाव घाला म्हनावं. मुकादमाला न्हाई म्हनले, तलाठ्याला बोलले, घरातल्याला न्हाई बोलले. तेवडं माजं ऱ्हायलं. तू पगार घेशील तवा तुज्या नावावर घे. नवऱ्याच्या खात्यात टाकू नको."

हेही आम्ही खोडले होते. खोडताना स्वतःला कारण दिले होते की, जयंतीच्या मंचावर घरातल्या गोष्टी नकोत. खरे कारण हे की आम्ही चौघेही पुरुष होतो आणि चौघांच्याही घरी सात-बारा, घरपट्टी, गॅसचे पुस्तक कुणाच्या नावावर आहे हे आम्हाला ठाऊक होते. जातीविरुद्ध नाही म्हणायला शिकलेल्या चळवळीने घरात नाही म्हणणे किती शिकवले? हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या नावाने आपण मिरवणूक काढतो. त्या मिरवणुकीतल्या किती घरांत जमिनीवर बाईचे नाव आहे, हे एकदा मोजून पाहावे. सुतळी लागणार नाही.

कुणी म्हणेल...

कुणी म्हणेल, आजीच्या पत्रात माया हवी, पावत्या कसल्या? आम्हीही तेच म्हटले होते. पण आमच्या समाजातल्या बायांनी जेव्हा जेव्हा पुढच्या पिढीसाठी लिहिले तेव्हा त्यांनी मायेच्या नावाखाली हिशेब सोडला नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून, घरच्यांपासून वही लपवून लिहीत होत्या. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने 1986 मध्ये आले. त्यात महारवाड्यातली उपासमार आहे, तशीच घरातल्या पुरुषांनी बायांवर केलेली जुलूमजबरदस्तीही आहे. त्यांनी काहीही साजरे केले नाही, काहीही झाकले नाही. आम्ही मात्र एका पानाच्या पत्रातून निम्मे झाकले.

दुसरे कुणी म्हणेल, म्हणजे पोरांनी कष्ट करू नयेत का? करावेत. आजींची नात रात्रपाळ्या करून शिकते आहे, तिला कष्ट कुणी शिकवायला नकोत. तिला सांगायचे ते हे की, पाळी किती तासांची ठरली आणि किती तासांची भरली, हे लिहून ठेव. जादा तास कागदावर घ्यायला लाव. एकटीने न बोलता बरोबरीच्या मुलींना घेऊन बोल. हे सांगायला आजीच हवी, कारण हे तिने खडीवर आणि गायरानात करून पाहिले आहे. 'कष्टाला कंटाळू नकोस' हे तर तिला कुणीही सांगेल. सर्वांत आधी तिचा मालक सांगेल.

पत्र पाठवले

आम्ही मूळ पत्र जसेच्या तसे, एक शब्द न बदलता पुन्हा उतरवले आणि टपालाने पुण्याला पाठवले. आजींच्या सांगण्यावरून सोबत चार पावत्यांच्या नकला आणि 1-ईचा उतारा जोडला. म्हणजे आता कागद तीन ठिकाणी आहेत : मस्तगड, गाव आणि पुणे. पत्राचा शेवट असा आहे :

"सुतळी आता न्हाई, कुटं गेली कुनास ठाव. पर नऊ इंच आन् एक फूट ह्यातला फरक मला अजून डोळं मिटून कळतो. तुलाबी कळावा. जय भीम. तुजी आज्जी."

वस्तीवस्तीत असे उपक्रम आमच्यासारखे कार्यकर्ते घेत असतील. त्यांना आमची विनंती एवढीच. आजींना 'तुम्ही किती सोसलंत?' हे विचारू नका. ते विचारले की त्या सोसणेच सांगतात, कारण आपल्याला तेच हवे असते हे त्यांना कळते. 'पहिल्यांदा नाही कधी म्हणालात, तेव्हा बरोबर कोण होते, आणि त्याचा कागद कुठे आहे?' हे विचारा. आणि मग त्या जे सांगतील ते खोडू नका.

पुढच्या जयंतीला मस्तगडच्या कार्यक्रमात हे पत्र पूर्ण वाचले जाईल. पावत्यांच्या तारखांसह. आणि ज्या घरी अशा पावत्या पेटीत पडून आहेत त्यांनी त्या घेऊन यावे. भाषणे थोडी कमी करू. एका टेबलावर बसून नंबर जुळवू.

जय भीम!